निमुळत्या पाइपाची हरवलेली आकृती

पाइप निमुळता झाला की पाण्याचा वेग आणि दाब किती बदलतो, हे गणित शाळा-कॉलेजात अनेकांनी सोडवलेलं असतं. पण सोबतची आकृती छापायची राहिली तर ते अडतं. दोन्ही टोकांची रुंदी आणि उंची आकृतीतच असते. रुंदीशिवाय वेग कळत नाही आणि उंचीशिवाय दाबाचा हिशेब लागत नाही.

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत जमिनीत गाडलेल्या पाइपाचं तेच होतं. पाइप निमुळता करणारा जोड, म्हणजे रेड्युसर, कोणत्या मापाचा बसवला आणि उतार किती, हे कुणाच्या लक्षात नसतं. ती आकृती पाण्याकडूनच काढून घेता येते.

समजा, जाड पाइप आतून 60 मिलिमीटरचा आहे. रेड्युसरच्या दोन्ही बाजूंना दाब मोजणारे, बारीक रेघांचे गेज लावले. पुढचा व्हॉल्व्ह आधी पूर्ण बंद करायचा. पाणी स्थिर असताना रुंदीचा दाबाशी संबंध नसतो, फक्त उंचीचा असतो. जाड भागात दर चौरस सेंटिमीटरला दीड किलो आणि अरुंद भागात 1.6 किलो दाब दिसला, तर अरुंद टोक 1 मीटर खाली आहे, कारण 0.1 किलो म्हणजे 1 मीटर पाणी. उंची सापडली.

आता व्हॉल्व्ह उघडा. 200 लिटरचा ड्रम 47 सेकंदांत भरला, म्हणजे जाड भागात वेग सेकंदाला दीड मीटर. तेव्हा जाड भागात 1.20 आणि अरुंद भागात 1.13 किलो आहे. वरवर घट 0.07 किलोची, पण उतारामुळे तिथे 1.30 असायला हवं होतं. म्हणजे खरी घट 0.17 किलोची, 1.7 मीटर पाण्याइतकी. पाण्याला वेग द्यायला मागून जास्त रेटा लागतो, तो इथे खर्च झाला. वेग, दाब आणि उंची यांचा मेळ घालणाऱ्या बर्नुलीच्या सूत्राने अरुंद भागातला वेग येतो सेकंदाला 6 मीटर, म्हणजे चौपट. तेव्हा क्षेत्रफळ पाव आणि व्यास निम्मा, 30 मिलिमीटर. उतार विसरून 0.07 धरलं असतं तर व्यास 37 आला असता आणि बाजारातून चुकीचा तुकडा आणला गेला असता.

यात घर्षण धरलेलं नाही. रेड्युसर आखूड आणि गेज जवळ असतील तर चालतं. गेज लांब असतील तर घर्षणाची घटही वेगाच्या खात्यात जाते आणि पाइप आहे त्याहून अरुंद वाटतो.

'अरुंद जागी दाब कमी' हे पाठ केलेलं वाक्य मात्र उतारावर जपून वापरावं. याच पाइपात व्हॉल्व्ह थोडा आवळून प्रवाह निम्मा करा. वेगापोटीची घट वर्गाने उतरते, म्हणून ती पाव होते, सुमारे 0.04 किलो. उताराचं 0.1 किलो मात्र तेवढंच राहतं. आता अरुंद भागातला गेज जाड भागापेक्षा 0.06 किलो जास्त दाखवेल.