अहवालातले मराठी अंक: फॉन्टपासून युनिकोडपर्यंत

रावेर-यावलच्या केळीचा हिशेब संगणकावर आला तेव्हा आकडे मराठीत दाखवणं अगदी सोपं होतं. संगणक इंग्रजी एक हा अंक ४९ या क्रमांकाने ओळखतो; त्या काळच्या अनेक मराठी फॉन्टांत या ४९ क्रमांकाच्या घरात इंग्रजी एकाऐवजी '१'चं चित्र बसवलेलं असे. फाइलमध्ये साधा इंग्रजी अंकच राही, बदले ते फक्त रूप. म्हणून बेरीज बिनचूक यायची. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अक्षरांचा पार कचरा दिसे, आकडे मात्र इंग्रजीत वाचता येत.

भारतीय लिप्यांसाठीच्या १९९१च्या इस्की मानकात देवनागरी अंकांना स्वतःची घरं मिळाली. युनिकोडनेही १९८८च्या इस्कीवरून देवनागरीची मांडणी घेतली आणि अंक वेगळे ठेवले. इंग्रजी अंक ४८ ते ५७ आणि देवनागरी २४०६ ते २४१५, म्हणजे प्रत्येक अंकात २३५८चा फरक. आता '१' हे एकाचं दुसरं रूप उरलं नाही, ते वेगळं अक्षर झालं. फॉन्ट बदलून अंक बदलेना, तिथून रूपांतराची गरज पडू लागली.

समजा तीन गाड्यांत ११८.४०, ९६.७५ आणि १०४.८५ क्विंटल केळी गेली. एकूण ३२० क्विंटल, दर १६५० धरला तर ५२८००० रुपये. वजनं आधीच देवनागरीत बदलून एक्सेलच्या खान्यांत टाकली, तर ती मजकूर ठरतात आणि `SUM` शून्य दाखवतो. ओळख सोपी: असे आकडे खान्यात डावीकडे चिकटतात, खरी संख्या उजवीकडे बसते. क्रम लावतानाही '१०' हा '९'च्या आधी येतो, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते.

म्हणून आधी हिशेब, मग लाखाचे स्वल्पविराम आणि अगदी शेवटी अंकबदल. पायथनमध्ये असं:

```python
अंक = str.maketrans("0123456789", "०१२३४५६७८९")
print("5,28,000".translate(अंक))   # ५,२८,०००
```

हा बदल फक्त अंकांना हात लावतो, स्वल्पविराम जिथल्या तिथे राहतात. त्यामुळे आधीची मांडणी इंग्रजी पद्धतीची असेल तर ५२८,००० असं विचित्र छापून येतं. जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही कामं एका ओळीत होतात:

```javascript
new Intl.NumberFormat("mr-IN").format(528000)
```

इथे `hi-IN` लिहिलं तर स्वल्पविराम बरोबर पडतात, अंक मात्र इंग्रजीच राहतात. हिंदीसाठी इंग्रजी अंक हे ठरलेलं रूप आहे आणि मराठीसाठी देवनागरी. 'हिंदी काय, मराठी काय, लिपी एकच' असं समजून चालणारे इथेच फसतात.

सगळा अहवाल एकदम बदलू नये. बँकेचा खाते क्रमांक, आयएफएससी कोड, गाडीचा नंबर इंग्रजीतच ठेवावेत. ते कोणीतरी पुढे कॉपी करून दुसऱ्या प्रणालीत टाकणार असतं, आणि जावास्क्रिप्टचं `Number("१२३")` उत्तर देतं `NaN`, म्हणजे 'ही संख्याच नाही'.