लग्नाआधीचे आठ आठवडे: उपासमारीऐवजी काय करावे

लग्न दोन महिन्यांवर आले की अनेक वधू-वर अचानक जेवण निम्म्यावर आणतात, आणि पहिल्याच आठवड्यात काटा दोन-अडीच किलोंनी खाली आलेला पाहून त्यांना आपले बरोबर चालल्याची खात्री पटते. ही घट बहुतांशी पाण्याची असते. यकृत आणि स्नायू मिळून साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. जेवण तोडले की हा साठा आधी रिकामा होतो आणि त्याच्याबरोबर पाणीही जाते. पोटभर दोन-तीन दिवस जेवले की ते सारे परत येते, म्हणून अशा रिकाम्या अवस्थेत मापे देऊन शिवलेले कपडे ऐन लग्नात घट्ट होतात.

चरबीचा हिशेब सावकाश चालतो. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. समजा, एका वधूचे वजन ६८ किलो आणि उंची १६० सेंटिमीटर असून तिचे वजन रोजच्या १,९०० कॅलरींवर स्थिर राहते. तिने दररोज ४५० कॅलरी कमी घेतल्या, तर आठवड्याला चारशे ग्रॅमच्या आसपास चरबी उतरेल. पहिला आठवडा नुसत्या नोंदींचा ठेवला आणि दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात ही तूट सांभाळली, तर सुमारे दोन किलो चरबी कमी होते. पाणी धरून काट्यावर तीन किलोंच्या आत-बाहेर फरक दिसतो. आकडा लहान वाटेल, पण आठ आठवड्यांत दहा किलो उतरवण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर त्यात चरबीबरोबर पाणी आणि स्नायूही मोजलेले असतात, हे ध्यानात घ्यावे.

पहिल्या आठवड्यात नेहमीचेच जेवावे, फक्त खाल्लेले प्रामाणिकपणे लिहून ठेवावे आणि रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी वजन करावे. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. सात दिवसांची सरासरी काढून ती पुढच्या सरासरीशी ताडून पाहावी. स्त्रियांमध्ये पाळीच्या आधी शरीरात पाणी धरल्याने एखादा किलो वाढू शकतो, म्हणून त्यांनी तुलना शक्यतो पाळीचक्राच्या त्याच आठवड्याशी करावी. बेंबीच्या पातळीवर कमरेचे मापही आठवड्यातून एकदा घ्यावे.

दुसऱ्या आठवड्यापासून तूट सुरू होते. ती करताना नोंदवहीतील गोड पेये, तळलेले पदार्थ आणि अवेळीचे खाणे आधी कमी करावे, प्रथिनांना मात्र हात लावू नये. वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.२ ग्रॅम या हिशेबाने या वधूला दिवसाला ८० ग्रॅम प्रथिने लागतील. ती तीन जेवणांत विभागून कडधान्ये, दूध, अंडी, मासे यांतून घ्यावीत आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंवर भार येणारा व्यायाम करावा. या दोन गोष्टी नसल्या, तर शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्ची घालते. झोपेचेही तसेच आहे: २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगात कमी आहारावरील माणसांची झोप साडेआठ तासांवरून साडेपाच तासांवर आणली, तेव्हा वजन तेवढेच उतरले, पण त्यातला चरबीचा वाटा निम्म्याहूनही कमी झाला. लग्नाच्या धावपळीत जागरणे किती होतात, हे सांगायला नको.

तूट जास्त झाल्याची चिन्हे शरीर देते. उभे राहताना चक्कर येते, सतत थंडी वाजते, पाळी चुकते किंवा गेल्या आठवड्यात सहज उचललेले वजन आता जड जाते. असे दिसले की रोजचे दोनशे कॅलरींचे खाणे परत वाढवावे. केसांची खूण मात्र उशिरा मिळते. उपासमारीने केसांची मुळे मोठ्या संख्येने विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि ते केस दोन-तीन महिन्यांनी गळतात, म्हणजे आज सुरू केलेल्या उपासाचा हिशेब नेमका लग्नाच्या सुमारास चुकता होतो. फार वेगाने वजन उतरवले, तर पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो.

सातव्या आठवड्यात तूट थांबवून वजन स्थिर राहील एवढे खावे. ग्लायकोजेनचा साठा भरतो आणि काटा एखाद्या किलोने वर जातो. ती चरबी नव्हे. त्यानंतर चार-पाच दिवसांनी कपड्यांची शेवटची मापे द्यावीत, कारण लग्नाच्या दिवशी अंग जवळपास तेवढेच असेल. आठव्या आठवड्यात नवे पूरक पदार्थ, नवा व्यायाम किंवा पाणी तोडण्याचे प्रयोग करू नयेत. जुलाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी शरीरातील क्षारांचे संतुलन बिघडून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो.

उंचीच्या मानाने वजन आधीच योग्य असेल, तर ही तूट करूच नये. व्यायाम, प्रथिने आणि झोप एवढेच घ्यावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी, तसेच ज्यांना पूर्वी खाण्यासंबंधीचा मानसिक विकार झाला आहे त्यांनी, पहिल्या आठवड्यातच डॉक्टरांशी बोलावे. आहार कमी आणि औषधाचा डोस तोच राहिला, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.