सातवारी शुभ सकाळ मालिका (ग्रामीण विदर्भ)

सातवारी शुभ सकाळ मालिका म्हणजे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर रोज सकाळी पाठवायचे छोटे संदेश. आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक विषय ठरलेला असतो आणि तो विषय बहुधा घरातल्या एखाद्या माणसाकडे सोपवलेला असतो. बाहेरून आलेली फुलाफुलांची सुविचारांची चित्रे पुढे ढकलण्यापेक्षा ही रीत वेगळी आहे, कारण इथे मजकूर घरातच लिहिला जातो. ते ओळखायची खूणही सोपी आहे. घरच्या माणसाने टाइप केलेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ची बाणाची खूण नसते. पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलेल्या मजकुरावर दुहेरी बाण दिसतो आणि एप्रिल २०२० पासून असा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो.

विदर्भातल्या शेतकरी कुटुंबाचा गट साधारण तीन ठिकाणी विखुरलेला असतो: गावात शेती पाहणारे, दुसऱ्या तालुक्यांत सासरी गेलेल्या लेकी, आणि नागपूर-पुण्यात नोकरी करणारी पोरं. मालिकेतले विषय या तिघांनाही थोडेथोडे पुरले पाहिजेत. ‘सोमवार प्रेरणा, मंगळवार आरोग्य’ असे विषय लावले तर ते कोणत्याही घराला चालतात आणि म्हणूनच कोणी उत्तर देत नाही. जो संदेश फक्त याच घरातला माणूस लिहू शकेल, असाच विषय टिकतो.

वार ठरवताना सर्वांत जास्त विचार शेतीच्या दिवसाचा करावा लागतो. हवामान विभागाचा जिल्हावार कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो आणि त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. शेतीचा संदेश मंगळवारी सकाळी ठेवला तर तो शुक्रवारच्या जुन्या सल्ल्यावर लिहावा लागतो. बुधवारी ठेवला की आदल्या दिवसाचा ताजा सल्ला हाताशी असतो आणि रविवारपर्यंतचं डवरणी-फवारणीचं गणित त्यात बसतं. एवढ्या एका कारणासाठी बुधवार शेतीला द्यावा. सल्ला मोठा असतो. तो जसाच्या तसा चिकटवला की ‘अधिक वाचा’च्या मागे दडतो, आणि बांधावर उभा असलेला माणूस तिथवर जात नाही. आपल्या शिवाराला लागू होणाऱ्या दोनच ओळी काढून लिहायच्या.

गुरुवार वऱ्हाडात शेगावच्या गजानन महाराजांचा मानतात, म्हणून तो दिवस आपोआप भक्तीकडे जातो. त्याला हरकत नाही, फक्त ‘अकरा जणांना पाठवा, नाहीतर’ छापाचे संदेश त्याच दिवशी शिरतात. कोणाकडे पारायण आहे, कोण शेगावला निघालं आहे, हे लिहिण्याची प्रथा ठेवली की त्यांना जागा उरत नाही. बाकीचे वार सोपे आहेत. सोमवार देवाचा आणि उपासाच्या फराळाचा, मंगळवार लेकींचा, शुक्रवार सणवाराचा, शनिवार पोरांचा, रविवार रांधण्याचा.

पोळ्याच्या आठवड्यावरून ही मांडणी नीट कळते. २०२५ मध्ये पोळा शुक्रवारी, २२ ऑगस्टला आला होता. वर्धा जिल्ह्यातल्या कापूस-सोयाबीनवाल्या एखाद्या घराने त्या आठवड्याचे संदेश असे लिहिले असते.

सोमवार: ‘राम राम मंडळी. श्रावणातला शेवटचा सोमवार. मोठीमायनं भगर टाकली हाय, उपास कोणाकोणाचा हाय ते सांगा.’

मंगळवार: ‘लेकींनो, पोळ्याले कोण येऊन राह्यलं? बसचा टाइम टाका, फाट्यावर घ्याले येतो.’ या संदेशाला सगळ्यांत जास्त उत्तरं येतात, कारण त्यात विचारलेलं काम खरं असतं.

बुधवार: ‘कपाशी फुलावर हाय. डोमकळ्या दिसल्या तर तोडून नष्ट करा. कामगंध सापळ्यात रोज किती पतंग येऊन राह्यले ते मोजून टाका.’ डोमकळी म्हणजे गुलाबी बोंडअळीने आतून पाकळ्या जखडल्यामुळे न उमलणारं, गुलाबाच्या कळीसारखं दिसणारं फूल. सापळ्यामागे रोज आठ पतंग असे सलग तीन रात्री आले तर फवारणीचा विचार करायचा, असा ठोकताळा आहे. म्हणून बुधवारी विचारलेला आकडा शुक्रवारपर्यंत रोज टाकायला लावला तरच तो कामाचा. एका दिवसाच्या आकड्यावरून कोणी पंप उचलू नये.

गुरुवार: ‘आज खांदशेकणी. हळद-तूप काढून ठेवा. सांजच्याले बैलाच्या कानात सांगा: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ ज्या घरात आता ट्रॅक्टर आहे आणि बैलजोडी नाही, तिथे हा संदेश टोचू शकतो. शेजारच्याच्या जोडीचा फोटो टाकून तो सावरता येतो.

शुक्रवारी पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या, म्हणजे चिमटे काढणारी छोटी कवनं म्हणतात, तेव्हा त्या दिवशी लिहिणाऱ्याने घरावर एक झडती रचावी. चार ओळी पुरतात. जावयाला किंवा भाऊजींना चिमटा असला तर उत्तराची झडती दुपारपर्यंत येतेच. शनिवारी तान्हा पोळा: ‘पोरांनो, लाकडी नंदी सजवला की फोटो. जो पुण्यात हाय त्यानं पुठ्ठ्याचा केला तरी चालते.’ रविवारी उरलेल्या पुरणाचं काय केलं, एवढंच.

संदेश कधी पाठवायचा यावर घरोघरी वाद असतो. गावात चहा सहाच्या आसपास होतो आणि पावसाळ्यात माणसं लवकर वावरात जातात, शहरातली पोरं आठला उठतात. गावच्या वेळेने पाठवणं बरं, कारण शहरातल्याला तो उशिरा वाचला तरी चालतो. बुधवारचा संदेश मात्र उशिरा मिळाला तर वाया जातो. पहिल्याच ओळीत वाराचा विषय यावा, म्हणजे सूचनेच्या पट्टीवर तो न उघडता दिसतो. तो ठळक करायचा असेल तर दोन्ही बाजूंना तारका लावतात, जसे `*बुधवार: वावर*`. तारका आणि अक्षर यांच्यात जागा सुटली तर अक्षरं ठळक होत नाहीत आणि तारका तशाच दिसतात. वाचता न येणाऱ्या आजीसाठी तेच शब्द कोणीतरी आवाजात रेकॉर्ड करून टाकावेत, अर्ध्या मिनिटाच्या आत. चित्रं शक्यतो टाळावीत. कमी जागेच्या फोनमध्ये आपोआप उतरणारी चित्रं साठत जातात आणि मग नातवंडं अख्खा गट म्यूट करतात.

मालिका बिघडत चालली आहे हे उत्तरांवरून कळतं. फक्त हात जोडलेल्या चिन्हांच्या रांगा येऊ लागल्या की समजावं, प्रश्न विचारणं सुटलं आहे. दुसरी खूण म्हणजे सातही वार एकच माणूस लिहू लागतो. बहुधा ती नोकरीवाली सून असते, आणि ती दमली की मालिका संपते. मंगळवार एखाद्या आत्याकडे, शनिवार आठवी-नववीतल्या पोराकडे, असं वाटून दिलं तर एखादा वार चुकतो, पण बाकीचे चालू राहतात. कापूस वेचणीच्या दिवसांत गावातले वार बरेचदा चुकतात. तेव्हा ते तात्पुरते शहरातल्यांना द्यावेत. त्यांच्याकडे सांगण्यासारखं वावरातलं काही नसतं, म्हणून त्यांनी त्या वारी फक्त विचारावं: आज किती मन निघाला, वेचाईला बाया भेटल्या का.

घरात कोणी वारलं तर तेरवीपर्यंत मालिका बंद ठेवतात. आधी लिहून ठेवलेला संदेश चुकून जाऊ नये म्हणून बातमी कळताच गटाच्या ॲडमिनने ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’ ही सेटिंग लावून ठेवावी आणि अंत्ययात्रेची वेळ तेवढी स्वतः टाकावी. तेरवी झाल्यावर मधला कोणताही वार धरून सुरुवात करत नाहीत. पुढच्या सोमवारची वाट पाहतात, आणि तो पहिला संदेश बहुतेक घरांत सगळ्यांत मोठा माणूस लिहितो.