पोल-झिरो निरसन आणि लपलेली अस्थिरता

नियंत्रण अभियांत्रिकीत एखाद्या प्रणालीचे ट्रान्सफर फंक्शन लिहिताना अंशातला आणि छेदातला समान घटक काढून टाकणे म्हणजे पोल-झिरो निरसन. नागपूरच्या अभियांत्रिकी वर्गांत ‘पोल कटला’ असे सहज म्हटले जाते. कटलेला पोल s-प्रतलाच्या उजव्या अर्ध्यात असेल, तर ट्रान्सफर फंक्शन स्थिर दिसते. प्रणालीच्या आत मात्र त्या पोलाशी जोडलेली गती वाढतच राहते. प्रणालीच्या अवस्था-समीकरणांत ट्रान्सफर फंक्शनच्या कोटीपेक्षा जास्त अवस्था असतील, तर त्या मांडणीला अ-लघुतम म्हणतात. लपलेली गती याच जादा अवस्थांत राहते.

या कल्पनेचे श्रेय कोणाला द्यावे याबाबत एकमत नाही. एका मतानुसार ती अवस्था-अवकाश पद्धतीबरोबर आली. रुडॉल्फ काल्मन यांनी 1960 मध्ये मॉस्को येथील आंतरराष्ट्रीय स्वयंचलित नियंत्रण महासंघाच्या पहिल्या अधिवेशनात नियंत्रणक्षमता आणि निरीक्षणक्षमता या कल्पना मांडल्या. पुढे 1963 च्या सुमारास काल्मन आणि एल्मर गिल्बर्ट यांनी स्वतंत्र लेखांतून दाखवले की कोणतीही रेषीय प्रणाली चार भागांत विभागता येते, आणि ट्रान्सफर फंक्शनमध्ये त्यांपैकी एकच भाग उतरतो: जो इनपुटने हलवता येतो आणि आउटपुटवर दिसतोही. दुसऱ्या मतानुसार उजव्या अर्ध्यातला पोल कापू नये हा नियम 1950 च्या दशकातील संश्लेषण पद्धती वापरणाऱ्या अभियंत्यांना आधीच माहीत होता. दोन्ही मतांत तथ्य आहे. मात्र जुन्या नियमामागे सहसा दिले जाणारे कारण वेगळे होते: प्रत्यक्षातले घटक कधीच अचूक नसतात, म्हणून निरसन पूर्ण होत नाही. निरसन गणिती अचूकतेने झाले तरी अस्थिरता जात नाही, हे काल्मन-गिल्बर्ट यांच्या मांडणीतून स्पष्ट झाले. खालील उदाहरणावरून हा फरक महत्त्वाचा का आहे ते दिसेल.

एक अस्थिर यंत्रणा घेऊ, P(s) = 1/(s−1). तिच्यासमोर C(s) = (s−1)/(s+2) हा नियंत्रक लावून एकक ऋण अभिप्राय दिला. लूपमध्ये (s−1) कटतो आणि PC = 1/(s+2) उरते. संदर्भ r पासून आउटपुट y पर्यंतचे बंद लूपचे ट्रान्सफर फंक्शन 1/(s+3) येते. कागदावर ही प्रणाली केवळ स्थिरच नव्हे, तर चपळही आहे. एकक पायरी दिली की y सुमारे दीड सेकंदात 1/3 वर येऊन थांबतो.

आता हीच प्रणाली अवस्थांत लिहू. यंत्रणेची अवस्था x₁ (तीच y) आणि नियंत्रकाची x₂. C(s) = 1 − 3/(s+2) असे फोडले की नियंत्रकाचे समीकरण x₂′ = −2x₂ + (r − x₁) आणि त्याचे आउटपुट u = (r − x₁) − 3x₂ मिळते. यंत्रणेचे समीकरण x₁′ = x₁ + u. हे एकत्र केले की:

x₁′ = −3x₂ + r
x₂′ = −x₁ − 2x₂ + r

पहिल्यातून दुसरे वजा करून z = x₁ − x₂ लिहिले की r नाहीसा होतो आणि z′ = z उरते. सगळा प्रश्न या एका ओळीत आहे. z वर संदर्भाचा काहीच परिणाम नाही, पण तो स्वतःच्या बळावर eᵗ प्रमाणे वाढतो. दोन्ही समीकरणांत r सारखाच शिरतो, म्हणून संदर्भ कितीही बदलला तरी z ला ना ढकलता येते, ना आवरता येते. ट्रान्सफर फंक्शन शून्य प्रारंभिक स्थिती गृहीत धरून काढलेले असते. z शून्यातून सुरू झाला तर शून्यच राहतो, म्हणून ट्रान्सफर फंक्शनला तो दिसत नाही.

यंत्रणा चालू करताना मात्र z नेमका शून्य नसतो. समजा z(0) = 0.001 आहे. r = 0 आणि x₁(0) = 0 असताना आउटपुट y = 0.00075(eᵗ − e⁻³ᵗ) असे येते. पहिल्या तीन सेकंदांत ते 0.016 च्या वर जात नाही आणि मोजमापाच्या गोंगाटात सहज हरवते. सातव्या सेकंदाच्या थोडे पुढे ते 1 ओलांडते. दहाव्या सेकंदाला ते 16 च्या वर असते. यंत्रणेच्या इनपुटवर बाहेरून धक्का बसला तर प्रारंभिक चुकीचीही गरज उरत नाही. धक्क्यापासून आउटपुटपर्यंतचे ट्रान्सफर फंक्शन (s+2)/((s−1)(s+3)) आहे आणि त्यात +1 चा पोल उघड दिसतो. म्हणजे अस्थिरता नाहीशी झालेली नसते. एका वाटेने पाहताना ती दिसत नाही, शेजारच्या वाटेने पाहिली की समोर येते.

निरसन अचूक नसेल तर काय होते? नियंत्रकाचा झिरो 1 ऐवजी 1.01 वर पडला असे धरा. बंद लूपचे वैशिष्ट्य समीकरण s² + 2s − 3.01 = 0 होते आणि एक मूळ 1.0025 वर येते. झिरो 0.99 वर पडला तर ते मूळ 0.9975 वर येते. चूक कोणत्याही बाजूला झाली तरी बंद लूपचा पोल यंत्रणेचा पोल आणि नियंत्रकाचा झिरो यांच्या मध्येच अडकतो, म्हणजे उजव्या अर्ध्यातच. फरक एवढाच की आता संदर्भ ती गती चाळवू शकतो. 1.01 च्या बाबतीत एकक पायरीला आउटपुटमध्ये −0.0019 गुणिले e च्या घातात वाढणारी भर पडते, आणि पाच सेकंदांत y जवळजवळ 0.28 ने खाली ओढला जातो. म्हणून अचूक घटक वापरून ही अडचण सुटत नाही. जुन्या नियमाने दिलेले कारण चूक नव्हते, पण ते दुय्यम होते, असे या नोंदीत मानले आहे.

निरसनाच्या क्रमानेही फरक पडतो. वरील उदाहरणात झिरो आधी आणि पोल नंतर येतो, म्हणून गती आउटपुटवर दिसते, पण संदर्भाने हलत नाही. ती अनियंत्रणीय असते. उलट, यंत्रणेतच उजव्या अर्ध्यातला झिरो असेल, P = (s−1)/(s+2), आणि नियंत्रकाने तो C = 1/(s−1) ने कापला, तर y चे ट्रान्सफर फंक्शन पुन्हा 1/(s+3) येते. पण r पासून नियंत्रकाच्या आउटपुटपर्यंतचे ट्रान्सफर फंक्शन (s+2)/((s−1)(s+3)) असते. y वर काहीच दिसत नाही आणि वाल्व्ह किंवा मोटरला जाणारा संकेत मर्यादेला भिडेपर्यंत वाढत जातो. मर्यादा गाठली की रेषीय गणित संपते आणि तेव्हाच y बिघडतो. प्रयोगशाळेत ही दुसरी चूक जास्त फसवी ठरते, कारण विद्यार्थी बहुधा y चाच आलेख काढतात.

चूक पकडण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे काहीही न कापता अंश आणि छेद लिहिणे. यंत्रणा आणि नियंत्रक यांच्या छेदांचा गुणाकार अधिक अंशांचा गुणाकार, म्हणजे (s−1)(s+2) + (s−1) = (s−1)(s+3). मूळ +1 लगेच समोर येते. अवस्था-समीकरणे x′ = Ax + Br या रूपात हातात असतील तर A मॅट्रिक्सची आयगेनमूल्ये काढावीत. एखादे अस्थिर मूल्य λ सापडले की [λI − A | B] चा दर्जा, म्हणजे तिच्या स्वतंत्र ओळींची संख्या, पाहावा. वरील प्रणालीत λ = 1 ला ही मॅट्रिक्स [1 3 1; 1 3 1] होते. दोन्ही ओळी सारख्या, दर्जा 2 ऐवजी 1, म्हणून ही गती संदर्भापासून अनियंत्रणीय आहे. ही कसोटी पोपोव्ह, बेलेविच आणि हॉटस या तिघांच्या नावाने ओळखली जाते. तिघांचे काम साधारण 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धातले आहे. वेगवेगळ्या आयगेनमूल्यांसाठी तोच आशय गिल्बर्ट यांच्या लेखात आधी आलेला दिसतो. निरीक्षणक्षमतेसाठी B ऐवजी आउटपुटची मॅट्रिक्स C घेऊन, ती λI − A खाली ओळीने रचून, हीच तपासणी करता येते.

संगणकावर, उदाहरणार्थ MATLAB मध्ये, मात्र एक सवय धोक्याची आहे.

```
s = tf('s');
P = 1/(s-1);
C = (s-1)/(s+2);
G = feedback(P*C, 1);
pole(G)
pole(minreal(G))
```

पहिल्या `pole` ला −3 आणि 1 मिळतात, दुसऱ्याला फक्त −3. `minreal` ची आज्ञा समान घटक काढून टाकते आणि स्थिरतेचा पुरावाही त्यांच्याबरोबर जातो. स्थिरता तपासून होईपर्यंत ती वापरू नये. अवस्था-समीकरणे शून्यातून चालवली तरी फसगत होऊ शकते. दोन्ही समीकरणांतले गोलाईकरण सारखे झाले तर z काटेकोर शून्यच राहतो. 10⁻¹⁶ इतका फरक राहिला तरी तो 1 पर्यंत यायला सुमारे 37 सेकंद लागतात, आणि 20 सेकंदांचा आलेख निर्दोष दिसतो. धक्का किंवा छोटी प्रारंभिक स्थिती मुद्दाम देऊन पाहणे म्हणून आवश्यक आहे.

डाव्या अर्ध्यातले निरसन चालते, पण फुकट नाही. कापलेला मंद पोल धक्क्याच्या प्रतिसादात परत येतो आणि आउटपुट रेंगाळत सावरते.

अ-लघुतम मांडणी नियंत्रकाच्या निवडीशिवायही जन्माला येते, समांतर जोडणीतून. नागपूरजवळच्या कोराडी येथे 660 मेगावॉटचे संच आहेत. अशा दोन सारख्या संचांना प्रत्येकी शुद्ध समाकलक गव्हर्नर लावले आहेत असे कल्पू: Pᵢ′ = −k(f − fᵢ), जिथे Pᵢ हे संचाचे उत्पादन, f ही जाळ्याची वारंवारिता आणि fᵢ हे त्या संचाचे उद्दिष्ट. भारापासून वारंवारितेपर्यंतच्या ट्रान्सफर फंक्शनमध्ये फक्त P₁ + P₂ ही बेरीज येते. वजाबाकी D = P₁ − P₂ घेतली तर D′ = k(f₁ − f₂). यात ना भार आहे, ना f. ही गती पूर्णपणे लपलेली आहे आणि तिचा पोल s = 0 वर आहे. उद्दिष्टांत 0.01 हर्ट्‌झचा फरक असला आणि k = 20 मेगावॉट प्रति सेकंद प्रति हर्ट्‌झ धरला, तर D दर मिनिटाला 12 मेगावॉटने सरकतो. वारंवारिता-मापकावर मात्र सारे ठीक दिसते. एक संच पूर्ण भाराकडे आणि दुसरा शून्याकडे चालला आहे हे प्रत्येक संचाच्या मेगावॉट-मापकावरच कळते. म्हणून समांतर चालणाऱ्या संचांच्या गव्हर्नरना ड्रूप दिला जातो, म्हणजे उत्पादन वाढेल तसे वारंवारितेचे उद्दिष्ट R च्या प्रमाणात खाली आणले जाते: Pᵢ′ = −k(f − fᵢ + RPᵢ). मग D′ = −kRD + k(f₁ − f₂) होते आणि लपलेली गती स्थिर होते. 50 हर्ट्‌झच्या जाळ्यात 5 टक्के ड्रूप, म्हणजे 660 मेगावॉटला 2.5 हर्ट्‌झ, असेल तर त्याच 0.01 हर्ट्‌झच्या फरकाला D सुमारे 2.6 मेगावॉटवर थांबतो.