विमा ऑनलाइन रिन्यू करताना: जुना पॉलिसी नंबर, नो क्लेम बोनस आणि आयडीव्ही

निपाणीकडची, केए-23 पासिंगची एक कार धरू. नवी घेऊन तीन वर्षं पूर्ण झाली, या तीन वर्षांत एकही क्लेम घेतलेला नाही आणि पॉलिसी संपून चाळीस दिवस झालेत. नवी कार घेताना थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम काढावा लागतो, त्यामुळे आता तोही संपलेला आहे. ही गाडी सध्या रस्त्यावर काढू नये. विम्याशिवाय पकडल्यास पहिल्यांदा 2,000 रुपये दंड आहेच, पण अपघातात समोरच्याला इजा झाली तर त्याची भरपाई खिशातून द्यावी लागते. दुचाकीचा थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा असतो, म्हणून तिच्या पॉलिसीवर अनेकदा दोन तारखा दिसतात. लांबची तारीख बघून लोक निर्धास्त राहतात आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं कव्हर केव्हाच संपलेलं असतं.

हाताशी आरसी, जुनी पॉलिसी, चालू पीयूसी, आधार किंवा पॅन आणि वारसदाराचं नाव व जन्मतारीख ठेवा. आपल्याकडे कुणाच्या आरसीवर आडनाव आधी, तर आधारवर वडिलांचं नाव मधे असतं. केवायसी अडते ती बहुधा इथेच, म्हणून मालकाचं नाव आरसीवर आहे तसंच भरा.

त्याच कंपनीकडे रिन्यू करत असाल तर पॉलिसी नंबर टाकला की बाकीची माहिती आपोआप येते. कंपनी बदलत असाल तर नवी कंपनी त्याच नंबरावरून जुन्या कंपनीकडे चौकशी करते. म्हणून मधल्या रेघा, शून्यं न गाळता नंबर पॉलिसीवर छापलाय तसा उतरवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नो क्लेम बोनसच्या रकान्यात. क्लेम न घेतल्यास पहिल्या रिन्युअलला 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के सूट मिळते. तीही फक्त गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर, थर्ड पार्टीवर नाही. आपल्या कारच्या जुन्या पॉलिसीवर 25 टक्के छापलेलं आहे. ती सूट गेल्या वर्षी मिळालेली. फॉर्म ‘मागील पॉलिसीवरील बोनस’ विचारतो, तिथे 25 च निवडायचे, पुढचे 35 वेबसाइट स्वतः लावते. लोक हिशेब करून आधीच 35 टाकतात आणि कोटेशनमध्ये 45 येतात. नुकसानीचा हप्ता 8,000 असेल तर 35 टक्क्यांनी तो 5,200 होतो, 45 टक्क्यांनी 4,400. हे वाचलेले 800 रुपये पुढे महागात पडतात. क्लेमच्या वेळी जुन्या कंपनीकडून खरा आकडा कळला, की चुकीची माहिती दिली म्हणून क्लेम अडतो. जुन्या वर्षात क्लेम घेतला असेल तर ‘हो’ लिहा, तिथे लपवाछपवी टिकत नाही.

पॉलिसी संपल्यापासून 90 दिवसांत रिन्यू केली तर बोनस टिकतो. चाळीस दिवसांमुळे आपला बोनस वाचला, पण खंड पडल्यामुळे कंपनी गाडीची तपासणी मागते. बहुतेक वेळा मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवायचा असतो. त्यात चारी बाजू, काच, चासी नंबर आणि किलोमीटर स्पष्ट दिसायला हवेत. तपासणी मंजूर होईपर्यंत विमा सुरू झाला असं धरू नका, पैसे भरले असले तरी.

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर कंपनी देईल ती जास्तीत जास्त रक्कम. मॉडेलच्या आजच्या शोरूम किमतीतून वयानुसार घसारा वजा होतो. तीन ते चार वर्षांच्या गाडीला तो 40 टक्के, म्हणजे किंमत 7 लाख असेल तर आयडीव्ही 4,20,000. वेबसाइटवर तो थोडा खाली ओढता येतो, हप्ताही उतरतो, आणि एजंटही तेच सुचवतात. माझ्या मते हा सौदा वाईट आहे. दुरुस्ती आयडीव्हीच्या 75 टक्क्यांपलीकडे गेली की गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. 4,20,000 वर ती मर्यादा 3,15,000 येते. आयडीव्ही 3 लाख केला तर 2,25,000 वरच गाडी भंगारात धरली जाईल आणि हाती येतील जेमतेम 3 लाख. पाच वर्षांपलीकडच्या गाडीला ठरलेलं कोष्टक नाही, तिथे बाजारभाव बघून रक्कम ठरवा.

पैसे भरल्यावर पीडीएफमध्ये चासी नंबर, बोनसचा टक्का आणि सुरू होण्याची तारीख-वेळ आरसीशी व कोटेशनशी ताडून बघा. चूक दिसली तर लगेच दुरुस्तीची एन्डॉर्समेंट मागा.

कोल्हापूर, चंदगडकडून एमएच-09 पासिंगची जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही, कारण बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. फॉर्ममध्ये मालकी बदलल्याचा प्रश्न आला तर खरं उत्तर द्या. गाडी केए नंबरवर घेतल्यावर नवा नंबर पॉलिसीवर चढवून घ्या, नाहीतर क्लेमच्या दिवशी पॉलिसी एका नंबराची आणि आरसी दुसऱ्या नंबराची राहील.