व्हीएचएस कॅसेटचे डिजिटल रूपांतर

व्हीएचएस कॅसेटवरील चित्रण संगणकात उतरवून, त्यातले दोष काढून, मगच ते मोठ्या आकारात नेण्याची ही प्रक्रिया. मुंबईतल्या घरांत पडून असलेल्या लग्न-मुंजींच्या कॅसेट बहुधा पाल पद्धतीच्या, म्हणजे ६२५ रेषांच्या असतात. इथल्या दमट हवेत फितीला बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीच्या कडेवर पांढरे डाग दिसले, तर कॅसेट साफ केल्याशिवाय लावू नये. बुरशी व्हीसीआरच्या फीत वाचणाऱ्या हेडवर चढते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते.

फितीवर चित्र तिरक्या पट्ट्यांत नोंदलेले असते. फिरते हेड पट्टीवर नेमके बसले नाही, की पडद्यावर मुंग्यांचा आडवा पट्टा येतो. तिथला सिग्नल नीट वाचलाच गेलेला नसतो, म्हणून तो व्हीसीआरपाशीच सुधारावा लागतो. ट्रॅकिंग हाताने फिरवल्यावर पट्टा सरकला, तर दोष जुळणीचा. काहीही केले तरी मुंग्या चित्रभर राहिल्या, तर बहुधा हेड मळलेले. चित्राच्या अगदी तळाशी वळवळणाऱ्या काही रेषा मात्र हेड बदलताना येतातच. जुन्या टीव्हीच्या चौकटीत त्या झाकल्या जात. आता तेवढा भाग काळा करावा.

व्हीसीआरला एस-व्हिडिओ असेल तर तीच जोडणी घ्यावी, कारण तिच्यात उजेड आणि रंग वेगळे येतात. व्हीसीआर आणि सिग्नल संगणकात घेणारे कॅप्चर कार्ड यांच्यामध्ये रेषांची डळमळलेली वेळ सुधारणारा टाइम बेस करेक्टर हवा. तो नसला की उभ्या रेषा थरथरतात. सिग्नल फारच डळमळीत असेल तर चौकटी गळतात आणि आवाज ओठांना सोडून जातो. नोंद ७२०×५७६ मध्ये, HuffYUV सारख्या काहीही न गमावणाऱ्या कोडेकमध्ये करावी.

आता लग्नाचीच कॅसेट घेऊ. नवरीच्या लाल शालूचा रंग शेजारच्या पांढऱ्या सदऱ्यावर उजवीकडे आणि खाली उतरलेला दिसतो. पाल व्हीएचएसमध्ये रंग सुमारे ६२७ किलोहर्ट्झच्या वाहकावर बसवलेला असतो, त्यामुळे त्याला बारीक कड धरताच येत नाही. कॅसेटवरून कॅसेट काढली असेल तर तो आणखी घसरतो. AviSynth या स्क्रिप्टवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये आधी फील्ड, म्हणजे एकाआड एक रेषांची अर्धी चित्रे, सोडवून सेकंदाला ५० चौकटी कराव्यात, मग फक्त रंग डावीकडे ४ आणि वर २ पिक्सेल सरकवावा:

```
AviSource("lagna.avi")
AssumeTFF()
QTGMC(Preset="Slow")
MergeChroma(last, Crop(4,2,0,0).AddBorders(0,0,4,2))
```

आकडे कॅसेटगणिक बदलतात. शालूच्या काठावर चित्र मोठे करून पाहत ते ठरवावेत. सरकवल्याने रंग जागेवर येतो, पण त्याचा पसरटपणा पुरता जात नाही. उरलेल्या रंगीत गोंधळावर फक्त रंगाचा डीनॉइझ हलक्या हाताने फिरवावा.

अपस्केल सगळ्यात शेवटी, कारण ते करणारा प्रोग्राम मुंग्या आणि ओघळलेली कड यांनाही तपशील समजून ठळक करतो. ४:३ चित्र १४४०×१०८० करावे. रुंद पडदा भरण्यासाठी ताणले, तर माणसे जाड दिसतात.