हळू कॉर्नरमधून निघताना शेपूट सुटणं: रेसिंग सिम्युलेटरमधला डिफ प्रीलोड आणि एअरो बॅलन्स

हळू कॉर्नरचा अपेक्स, म्हणजे वळणाचा सगळ्यात आतला बिंदू, गाठून थ्रॉटल दिला की गाडीची शेपूट बाहेर सुटते, त्याला एक्झिट ओव्हरस्टिअर म्हणतात. मागच्या चाकांना ताकद असणाऱ्या गाड्यांमधे, जीटी३ वगैरे, हा त्रास हेअरपिनला आणि सेकंड गिअरच्या कॉर्नरला सगळ्यात जास्त जाणवतो. सेटअपमधे त्यावर बहुतेक लोक दोन ठिकाणी हात घालतात, मागच्या दोन चाकांना टॉर्क वाटून देणाऱ्या डिफरन्शिअलचा, म्हणजे डिफचा, प्रीलोड आणि एअरो बॅलन्स, म्हणजे हवेच्या दाबाची पुढे-मागे वाटणी, पण या दोघांचं काम एकसारखं नाही. हळू कॉर्नरचा इलाज प्रीलोडने होतो आणि एअरो वापरायचं ते फास्ट कॉर्नरचा तोल जागेवर ठेवायला. हेअरपिनला शेपूट सुटते म्हणून मागची विंग वाढवली तर हेअरपिनला जवळपास काहीच फरक पडत नाही, उलट फास्ट कॉर्नरला गाडी वळेनाशी होते आणि सरळ रस्त्यावर वेगही जातो.

प्रीलोड नक्की काय करतो

वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. २० मीटर त्रिज्येच्या हेअरपिनला, दोन चाकांमधे १.६ मीटर अंतर धरलं, तर आतलं चाक १९.२ मीटर त्रिज्येवर आणि बाहेरचं २०.८ वर फिरतं, म्हणजे वेगात साधारण ८ टक्के फरक. तेच २०० मीटर त्रिज्येच्या फास्ट कॉर्नरला हा फरक १ टक्क्याच्याही खाली येतो. म्हणून डिफचा स्वभाव हळू कॉर्नरला इतका ठळक कळतो आणि फास्ट कॉर्नरला बराचसा झाकला जातो.

रेसिंग गाड्यांत बहुतेक वेळा प्लेटवालं लिमिटेड स्लिप डिफ असतं. आत क्लच प्लेट असतात, त्या एकमेकींवर दाबल्या की दोन्ही चाकं एका वेगाने फिरायला बघतात. हा दाब दोन ठिकाणाहून येतो. इंजिनाचा टॉर्क आला की आतले उतार प्लेट दाबतात, म्हणजे जितका थ्रॉटल तितकं लॉकिंग, आणि दुसरा दाब आतल्या स्प्रिंगचा, जो टॉर्क शून्य असतानाही कायम असतो. हा दुसरा म्हणजे प्रीलोड. खऱ्या गाडीत तो मोजायचा तर एक मागचं चाक जमिनीवर ठेवतात, दुसरं उचलून त्याच्या हबला टॉर्क रेंच लावतात आणि किती जोर लावल्यावर ते फिरायला लागतं ते बघतात. सिममधे तोच आकडा न्यूटन मीटरमधे सेटअप स्क्रीनवर दिसतो. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओनेमधे डिफचा बदलता येणारा आकडा हाच एक आहे, जुन्या असेटो कोर्सात मात्र गाडीनुसार पॉवर आणि कोस्ट, म्हणजे थ्रॉटल असताना आणि सोडल्यावर किती लॉकिंग, असे वेगळे टक्केही मिळतात.

प्रीलोडची खरी सत्ता कुठे चालते तर जिथे टॉर्क शून्याच्या आसपास आहे तिथे, म्हणजे ब्रेक सोडल्यापासून थ्रॉटलला पाय लागेपर्यंत आणि त्यानंतरचा पहिला क्षण. फुल थ्रॉटलला उतारांचं लॉकिंग मोठं होतं आणि प्रीलोडचा वाटा त्या मानाने छोटा राहतो. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, आतलं चाक कर्बवर हवेत गेलं किंवा अगदी हलकं झालं तर. असं चाक टॉर्कला विरोधच करत नाही, त्यामुळे एकूण टॉर्क वाढत नाही, टॉर्क नाही म्हणून उतारही दाबत नाहीत, अशा वेळी बाहेरच्या चाकाला जे काही मिळतं त्याची सुरुवात प्रीलोडपासूनच होते.

वाढवायचा की कमी करायचा

इथेच सगळा गोंधळ होतो. कुणी सांगतं ओव्हरस्टिअर असेल तर प्रीलोड वाढव, कुणी सांगतं कमी कर, आणि दोघंही बरोबर असतात कारण शेपूट सुटण्याची कारणं वेगळी असतात. बाहेरून तिन्ही प्रकार सारखेच दिसतात, त्यामुळे नुसत्या अंदाजावर आकडा फिरवण्यात अर्थ नाही, टेलिमेट्रीमधे, म्हणजे गाडीच्या नोंदवलेल्या आकड्यांच्या आलेखात, मागच्या दोन चाकांचा वेग, थ्रॉटल आणि स्टिअरिंगचा कोन एकाखाली एक लावून बघायचं. कॉम्पेटिझिओनेची फाइल मोटेक या टेलिमेट्री बघायच्या सॉफ्टवेअरमधे उघडली की चाकांचे चॅनल `WHEEL_SPEED_LR` आणि `WHEEL_SPEED_RR` नावाने मिळतात.

पहिला प्रकार, आतलं चाक एकटं पळतं. थ्रॉटल लागला की आतल्या चाकाची रेघ बाहेरच्याच्या वर उडी मारते, इंजिनाचे आरपीएम चढतात, मग लॉकिंग जागं होतं आणि सगळा टॉर्क एकदम बाहेरच्या चाकावर येतो, जे आधीच गाडीचा आडवा भार पेलतंय. ते सुटलं की शेपूट गेली. इथे प्रीलोड कमी पडतोय, वाढवायचा.

दुसरा प्रकार, दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून एकदम वर जातात. म्हणजे मागचा अख्खा अॅक्सल एका क्षणी पकड सोडतो, मधे कसला इशारा मिळत नाही आणि गाडी झटक्यात फिरते. इथे लॉकिंग जास्त आहे, प्रीलोड कमी करून बघायचा. गेममधे पॉवर टक्के मिळत असतील तर इथे आधी तेच कमी करणं जास्त योग्य, कारण हा प्रकार बहुतेक वेळा मोठ्या थ्रॉटलला होतो.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळा चुकीचा ओळखला जाणारा. यात मूळ दुखणं अंडरस्टिअरचं असतं. प्रीलोड जास्त असल्यामुळे थ्रॉटल नसतानाही मागची चाकं एकत्र फिरायला बघतात, आतल्या चाकाला हळू जायचं असतं पण बाहेरचं त्याला पुढे ढकलतं, आणि त्यामुळे गाडीचं नाक सरळ राहू पाहतं. गाडी वळत नाही म्हणून आपण अपेक्सला स्टिअरिंग अजून फिरवतो, आणि ते तसंच फिरवलेलं असताना थ्रॉटल देतो. मग टॉर्क आला की मागची चाकं घसरतात आणि पुढची आधीच आत वळलेली असतात, त्यामुळे गाडी जोरात आत फिरते. टेलिमेट्रीत हे ओळखायचं तर थ्रॉटल सुरू होण्याच्या आधीच स्टिअरिंगची रेघ वाढत गेलेली दिसते. इथे प्रीलोड कमी केला की गाडी अपेक्सला स्वतःहून वळते, एक्झिटला स्टिअरिंग आधी सरळ होतं आणि ओव्हरस्टिअर आपोआप जातो. हाच प्रकार पहिला समजून प्रीलोड वाढवला तर त्रास दुप्पट होतो.

एक केस

उजवा हेअरपिन घेऊ, सेकंड गिअर, अपेक्सला ताशी साधारण ६० किमी. प्रीलोड ६० न्यूटन मीटर, आणि शेपूट सुटते म्हणून आधीच मागची विंग दोन क्लिक वाढवलेली. टेलिमेट्रीत स्टिअरिंग थ्रॉटलच्या आधी स्थिर आहे, म्हणजे तिसरा प्रकार नाही. थ्रॉटल ४० टक्क्याला पोचतो तेव्हा उजवं मागचं चाक, म्हणजे आतलं, ७४ दाखवतं आणि डावं ६३. सरळ पहिला प्रकार. प्रीलोड ९० केला, पाच लॅप मारले, फरक कमी झाला पण ट्रॅक्शन कंट्रोल अजून बराच वेळ मधे पडत होता. १२० ला दोन्ही रेघा जवळ आल्या, एक्झिट शांत, पण आता ब्रेक सोडल्यावर गाडी अपेक्सपासून थोडी लांब राहायला लागली आणि स्टिअरिंगची रेघ थ्रॉटलच्या आधी वाढायला लागली, म्हणजे तिसऱ्या प्रकाराची सुरुवात. शेवटी १०० वर थांबलो. प्रत्येक वेळी फक्त एकच आकडा बदलला, टायर गरम झाल्यावरचेच लॅप धरले आणि पेट्रोल साधारण तेवढंच ठेवलं, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळतच नाही.

आता विंगचे ते दोन क्लिक. ते हेअरपिनसाठी टाकले होते आणि त्याने तिथे काही होणार नव्हतं, हे हिशोबाने बघू. डाउनफोर्स, म्हणजे हवा गाडीला खाली दाबते तो जोर, वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. समजा गाडी २०० च्या वेगाला एकूण ६०० किलोचा डाउनफोर्स देते, तर ६० ला वेग ०.३ पट, त्याचा वर्ग ०.०९, म्हणजे ५४ किलो. एअरो बॅलन्स म्हणजे या एकूण डाउनफोर्सपैकी पुढच्या अॅक्सलवर किती टक्के पडतो तो आकडा. विंगने तो २ टक्के मागे सरकवला तर २०० ला साधारण १२ किलो पुढून मागे जातात, ६० ला जेमतेम १ किलो. विंगने एकूण डाउनफोर्सही थोडा वाढतो, पण हेअरपिनला तीही वाढ त्याच ०.०९ ने खाली येते. १३०० किलोच्या गाडीत हे मागच्या टायरला समजतसुद्धा नाही, फास्ट कॉर्नरला मात्र नाक हलकं झालेलं लगेच कळतं. प्रीलोड १०० वर बसल्यावर दोन्ही क्लिक परत काढले आणि फास्ट कॉर्नरचा अंडरस्टिअर गेला.

एअरोचा आकडा हलवायचा तर विंग, पुढचा स्प्लिटर आणि राइड हाइट हे तीन मार्ग असतात. यात राइड हाइट जपून वापरायची. मागची बाजू खाली केली की गाडीचा पुढे झुकलेला कोन कमी होतो आणि बॅलन्स मागे जातो, पण त्याच वेळी गुरुत्वकेंद्र आणि सस्पेन्शनचं कामही बदलतं, म्हणजे हळू कॉर्नरलाही थोडा परिणाम होतो आणि आत्ताच बसवलेला प्रीलोड पुन्हा तपासावा लागतो. विंगमधे ही भानगड नाही, ती जवळपास फक्त फास्ट भागालाच हात लावते, म्हणून डिफ बसल्यावर फास्ट कॉर्नरचा तोल बारीक करायला तीच सोपी.

दोन्ही करूनही शेपूट सुटतच असेल आणि वरच्या तीनपैकी एकही खूण टेलिमेट्रीत दिसत नसेल, किंवा पहिली खूण प्रीलोड वाढवूनही जात नसेल, तर कारण डिफमधे नाही. मागच्या टायरचं प्रेशर, मागचा अँटीरोल बार फार कडक असणं, किंवा थ्रॉटलची रेघ उभ्या भिंतीसारखी असणं, या गोष्टी मग बघायच्या. बार कडक असेल तर वळताना आतलं मागचं चाक जास्त हलकं होतं आणि पहिल्या प्रकारासारखंच चित्र दिसतं, फक्त प्रीलोड बराच वाढवूनही आतली रेघ खाली येत नाही. अशा वेळी बार एक क्लिक मऊ करून प्रीलोड परत मूळ आकड्यावर आणायचा आणि तिथून मोजायला सुरुवात करायची.